देवाची ओळख कोण सांगेल?

मार्गशीर्ष लागला की मेहकरात शारंगधर बालाजीच्या उत्सवाची चाहूल लागते. पैनगंगेच्या काठचे हे गाव त्या दिवसांत पाहुण्यारावळ्यांनी भरून जाते. गाभाऱ्यातील काळ्या पाषाणाची, सुमारे ११ फूट उंचीची ती उभी मूर्ती पाहिली म्हणजे प्रथम शब्द सुचत नाहीत. मग जवळचे कोणी वडीलधारे हलक्या आवाजात तिची कथा सांगू लागतात. ती कथा बुलढाणा जिल्ह्यातील बहुतेक घरांत ठाऊक आहे. १८८८ साली मेहकरात खणताना लाकडी पेटीत ठेवलेली ही मूर्ती सापडली. वऱ्हाडात तेव्हा इंग्रजांचा अंमल होता. मूर्ती विलायतेस जाणार अशी कुणकुण लागताच गावकऱ्यांनी घाई करून तिची स्थापना केली आणि देव गावात राहिला. पेटीत ताम्रपट व इतर वस्तूही होत्या, त्या मात्र गेल्या, असे सांगतात.

दर्शन घेऊन परतताना आमच्या मनात या कथेचा दुसरा अर्धा भाग घोळत राहतो. मूर्ती राहिली, कारण ती सर्वांच्या डोळ्यांदेखत होती आणि ती कोठून निघाली हे सारे गाव जाणत होते. ताम्रपट गेले. त्यांवर काय लिहिले होते, ते किती होते, केवढे होते, याची नोंद गावापाशी राहिली नाही. ते उद्या जगाच्या कोणत्याही संग्रहात आढळले, तरी 'हे मेहकरचे' असे कशाच्या आधारे म्हणणार? देव राखणे म्हणजे केवळ कडीकुलूप लावणे नव्हे. देव हरवलाच, तर तो आपलाच आहे हे परक्यासमोर सिद्ध करता आले पाहिजे. या उत्सवाच्या निमित्ताने आम्ही आज त्याविषयीच लिहीत आहो.

चोरी ही दूरची गोष्ट राहिलेली नाही. शेजारच्या जालना जिल्ह्यात, समर्थ रामदासांच्या जन्मगावी, जांब समर्थ येथे ऑगस्ट २०२२ मध्ये राममंदिरातील पंचधातूच्या प्राचीन मूर्ती रात्रीतून नाहीशा झाल्या. साऱ्या महाराष्ट्रात हळहळ झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये पोलिसांनी संशयितांना पकडून मूर्ती हस्तगत केल्या, तेव्हा लोकांचा जीव भांड्यात पडला. परंतु प्रत्येक गावाच्या वाट्यास असा शेवट येत नाही.

तो येण्यासाठी काय लागते, हे तामिळनाडूतील एका उदाहरणावरून फार स्पष्ट कळते. तेथील अरियलूर जिल्ह्यात श्रीपुरंथान नावाचे खेडे आहे. तेथील चोळकालीन शिवमंदिरातील नटराजाची धातुमूर्ती २००६ साली चोरीस गेली. मंदिर बंद असे, नित्य पूजा नव्हती. त्यामुळे चोरी झाली हे ध्यानात यावयासच सुमारे दोन वर्षे लागली. तोवर मूर्ती न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्यामार्फत ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोहोचली होती. दालनाने २००८ साली तिच्यासाठी सुमारे ५० लाख डॉलर मोजले. मूर्तीसोबत कागदपत्रेही होती. ही मूर्ती १९७० साली दिल्लीत विकत घेतली गेली व तेव्हाच भारताबाहेर गेली, असे त्यांत म्हटले होते. हे साल सहज निवडलेले नव्हते. भारतातील पुरावशेषांचा कायदा १९७२ सालचा आहे, म्हणून त्यापूर्वीची तारीख घालावयाची, ही या धंद्यातील नेहमीची युक्ती आहे.

हा सारा बनाव एका छायाचित्राने मोडला. पुदुच्चेरी येथील फ्रेंच संस्थेचे अभ्यासक १९५६ पासून दक्षिणेतील मंदिरांची व मूर्तींची छायाचित्रे घेत आले आहेत. चोरी पकडणे हा त्यांचा उद्देश नव्हता, ते शिल्पशास्त्राचे काम होते. १९९४ साली त्यांनी श्रीपुरंथानच्या या नटराजाचे छायाचित्र घेतले होते. ते ऑस्ट्रेलियातील मूर्तीशेजारी ठेवताच मूर्ती तीच हे पटले. जी मूर्ती १९९४ साली आपल्या मंदिरात उभी होती, ती १९७० साली दिल्लीत विकली कशी गेली, या प्रश्नास उत्तर नव्हते. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी ती मूर्ती भारताच्या पंतप्रधानांच्या स्वाधीन केली.

वाचकांनी येथे दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. मूर्ती परत आली ती चोरीच्या आधी घेतलेल्या छायाचित्रामुळे. चोरीनंतर कितीही वर्णने केली असती, तरी हे काम झाले नसते. दुसरे असे की, चित्र केव्हा घेतले हे नि:संशय ठाऊक होते. चित्र आणि त्याची तारीख, ही जोडी पुराव्यास हवी.

आता आपल्याकडील स्थिती पाहू. 'आमच्या देवाचे फोटो आहेत की!' असे कोणीही म्हणेल, आणि ते खरेही आहे. घराघरांतील देव्हाऱ्याशेजारी ते लावलेले असतात. परंतु ते कोणत्या रूपाचे असतात? जरीचा शेला, फेटा, हार, मुखवटा, मागे चांदीची महिरप. उत्सवाचे ते साजिरे रूप डोळ्यांत साठवावे असेच आहे. तथापि त्या चित्रात देवाच्या मूळ मूर्तीचा तळहाताएवढा भागही दिसत नाही. चोर मूर्ती नेतो, शेला नेत नाही. परदेशच्या न्यायालयात त्या चित्रावरून कोणासही 'हीच ती' असे म्हणता येणार नाही.

येथे आमच्या पुष्कळ वाचकांच्या, विशेषत: पुजारी घराण्यांतील वडीलधाऱ्यांच्या मनात एक शंका येईल. निरलंकार देवाचे चित्र घ्यावे काय? ही शंका श्रद्धेतून येते, आणि तिचा मान राखूनच मार्ग काढला पाहिजे. अभिषेकासाठी वस्त्रालंकार उतरवणे हा नित्योपचारच आहे. त्याच वेळी, स्वत: पुजाऱ्याने अथवा त्याच्या घरच्या माणसाने, गाभाऱ्यात इतर कोणी नसताना चित्रे घ्यावीत. देवीचे ठाणे असेल तर घरातील स्त्रीने घ्यावीत. ही चित्रे वाटण्यासाठी वा पाहण्यासाठी नाहीत. ती पाकिटात मोहोरबंद करावीत आणि प्रसंग पडला तरच फोडावीत. असे केले तर उपचारात खंड पडत नाही आणि मर्यादाही मोडत नाही.

हे काम कसे करावे, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, आपल्या गावात विष्णूची पंचधातूची चतुर्भुज उत्सवमूर्ती आहे. दाराशी उजेड येईल अशा जागी चौरंग ठेवून त्यावर साधे राखी किंवा पांढरे कापड अंथरावे आणि मूर्ती त्यावर ठेवावी. शेजारी शाळेतील फूटपट्टी उभी करावी, म्हणजे चित्रातूनच माप निघते. कॅमेरा वा मोबाईल मूर्तीच्या मध्याच्या उंचीवर धरावा. वरून घेतलेल्या चित्रात डोके मोठे व पाय आखूड दिसतात. झगमगाटी फ्लॅश लावू नये. धातूवर त्याचा पांढरा डाग पडून बारकावे पुसले जातात. बाजूने येणाऱ्या दिवसाच्या उजेडात मात्र प्रत्येक रेघ उठून दिसते. समोरून, मागून व दोन्ही बाजूंनी अशी चार चित्रे घ्यावीत. मग मुखाचे एक, हातांतील आयुधांचे एक, पीठाचे एक आणि शेवटी पीठाच्या तळाचे एक.

तळाचे चित्र कशासाठी, असे कोणी विचारील. मूर्ती विकणारे तिचा दर्शनी भाग घासूनपुसून चकचकीत करतात, क्वचित नवा रंगही चढवतात. परंतु तळाकडे व पाठीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. तेथेच मूर्तीच्या जन्मखुणा असतात. जुन्या काळी मेणाची प्रतिमा करून तिच्यावर मातीचे लेप देत, आतील मेण वितळवून टाकीत आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतीत. मूर्ती बाहेर काढण्यासाठी साचा फोडावाच लागे. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघे. ओतताना राहिलेली बारीक छिद्रे, नंतर भरलेले ठिगळ, प्रभावळ बसवण्याची खाच, पीठाला बसलेला टवका, पिढ्यान्‌पिढ्यांच्या चंदनलेपाने व हातांनी झिजलेले नाक. या खुणा दोन मूर्तींत सारख्या असूच शकत नाहीत. आपण ज्यास दोष समजतो, तोच मूर्तीची ओळख पटवतो.

चित्रे झाली की मोजमाप घ्यावे. मूर्तीची उंची पीठासह व पीठाविना, जास्तीत जास्त रुंदी व जाडी सेंटिमीटरमध्ये लिहावी. वजन काट्यावर ग्रॅमपर्यंत घ्यावे. 'वीतभर उंच, बरीच जड' असे लिहिणे निरुपयोगी होय. '२३.४ सेंटिमीटर, ३ किलो २६० ग्रॅम' असे लिहिले म्हणजे त्या नोंदीत दुसरी मूर्ती सहसा बसत नाही. पाषाणाची जड मूळमूर्ती हलवू नये व तोलूही नये. तिची मापे व जागच्या जागी घेतलेली चित्रे पुरेत.

त्यानंतर वर्णन. येथे एक चूक हमखास होते. 'शंख, चक्र, गदा, पद्म धारण केलेला विष्णू' असे आपण लिहितो. असे वर्णन देशातील सहस्रावधी मूर्तींना लागू पडते. आपले वाचक संध्येत केशवापासून आरंभ करून विष्णूची २४ नावे घेतात. मूर्तिशास्त्रात त्या २४ नावांची २४ रूपे आहेत आणि त्यांतील भेद मुख्यत: एवढाच की, कोणत्या हातात कोणते आयुध. मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून आरंभ करून वरचा उजवा, वरचा डावा व खालचा डावा असा क्रम घ्यावयाचा. पद्म, शंख, चक्र, गदा या क्रमाने आयुधे असतील तर तो केशव. ग्रंथाग्रंथांत काही रूपांविषयी मतभेद आहेत. म्हणून नाव ठरवण्याच्या भरीस न पडता हातांचा क्रम जसा दिसतो तसा लिहावा. उजवा म्हणजे देवाचा उजवा, पाहणाऱ्याचा नव्हे, हेही नोंदीत स्पष्ट करावे. आणि एक सावधगिरी अशी: मोबाईलच्या पुढच्या बाजूच्या कॅमेऱ्याने चित्र घेतल्यास ते कित्येकदा आरशातल्याप्रमाणे उलटे साठवले जाते. मग चक्राचा हात बदलतो, आणि देवाचे नावही बदलते!

एवढे झाले की एका पानावर पुढील गोष्टी उतरवाव्यात: वस्तू कोणती, कशाची व कशी घडवलेली, मापे, कोरलेली अक्षरे वा चिन्हे, ओळखीच्या खास खुणा, कोणत्या देवतेचे कोणते रूप, ठाऊक असल्यास काळ व घडवणारा. जगभरची वस्तुसंग्रहालये व पोलीस याच बाबी विचारतात. 'ऑब्जेक्ट आयडी' या नावाने १९९७ साली हा नमुना सर्वत्र मान्य झाला. त्यामुळे आपल्या गावच्या देवघरात मराठीत लिहिलेले पान कोणत्याही देशात कामास येते.

शेंदूरचर्चित देवतांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. आपल्या मारुतीची, भैरवाची, ग्रामदेवतेची मूळ घडण शेंदराच्या जाड थराखाली झाकलेली असते. नोंदीसाठी तो थर खरवडू नये. तो उपासनेचा भाग आहे. मात्र कधी तो थर, ज्यास आपण कवच म्हणतो, आपोआप गळून पडतो. त्या दिवशी विधी होण्यापूर्वी खालील मूर्तीची चित्रे अवश्य घ्यावीत. तशी संधी पुढल्या पिढीलाही मिळेलच असे नाही. वज्रलेपाविषयीही हेच. लेपाने नाकडोळे, कोरीव दागिने बुजतात, म्हणून लेपापूर्वीची व नंतरची अशी दोन्ही चित्रे जपावीत.

दुरुस्तीसाठी मूर्ती बाहेर पाठवायची असेल, तर ही नोंद दसपट महत्त्वाची ठरते. तामिळनाडूतील शिवपुरम येथे १९५१ साली जमिनीत नटराजाची मूर्ती सापडली होती. ती १९५४ मध्ये डागडुजीस दिली गेली, आणि परत आली ती हुबेहूब नक्कल! गावाने तिचीच पूजा आरंभली. मूळ मूर्ती हाताहातांतून अमेरिकेस गेली. देवळातील मूर्ती खोटी आहे हे गावातील कोणाच्याही ध्यानी आले नाही. ब्रिटिश म्युझियमच्या एका विद्वानाने १९६५ साली ते प्रसिद्ध केले. अस्सल मूर्ती १९८६ साली भारतास परत मिळाली. कारागिराकडे मूर्ती पाठवताना वजन व तळाची खूण लिहून ठेवली असती आणि परत घेताना ती ताडून पाहिली असती, तर बदल दारातच उघडा पडता. नक्कल करणारा चेहरा साधतो. वजन आणि पाठीवरील छिद्रे साधणे कठीण.

नोंद कोठे ठेवावी? ज्या कपाटात देवाचे दागिने, त्याच कपाटात नव्हे, कारण मग चोरासोबत नोंदही जाईल. तीन प्रती कराव्यात. एक विश्वस्तांच्या बँकेतील लॉकरमध्ये, एक पुजाऱ्याच्या घरी, आणि एक मोहोरबंद पाकिटात पोलीस ठाण्याकडे देऊन पोहोच घ्यावी. त्या पोहोचेवरील शिक्का व दिनांक हाच आपल्या चित्राच्या तारखेचा साक्षीदार. ठाण्याने पाकीट ठेवून घेण्यास असमर्थता दाखवली, तर यादीसह अर्ज देऊन अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्यावी. चित्रे कागदावर छापूनही ठेवावीत आणि संगणकाच्या तबकडीत वा पेनड्राइव्हमध्ये मूळ स्वरूपातही. मोबाईलवरून एकमेकांस पाठवलेली चित्रे बहुधा आकसून बारीक होतात व त्यांतील खुणा नाहीशा होतात, म्हणून मूळ प्रत निराळी जपावी. वजन, किंमत व कुलपांची जागा असलेली यादी मात्र गावभर फिरवू नये. ती चोरालाच वाट दाखवील.

या साऱ्या योजनेस एक मर्यादा आहे, ती लपवून चालणार नाही. रायगड जिल्ह्यातील दिवेआगर येथे १९९७ साली सुपारीच्या वाडीत पेटीत सापडलेला गणेशाचा सुवर्णमुखवटा २४ मार्च २०१२ रोजी लुटला गेला. दोन पहारेकऱ्यांचा त्यात बळी गेला. चोर सापडले, सोनेही मिळाले, पण वितळवलेले! त्या मुखवट्याची छायाचित्रे लक्षावधी भक्तांपाशी होती, परंतु सोन्याच्या लगडीला चेहरा नसतो. पुढे नवा मुखवटा घडवून २०२१ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. येथे भेद समजून घ्यावा. पाषाणाच्या व पंचधातूच्या प्राचीन मूर्तीला चोराच्या बाजारात किंमत येते ती मूर्ती म्हणून. ती अखंड राहते, म्हणून नोंद तिला शोधून काढू शकते. सोन्याचांदीला किंमत धातू म्हणून येते, तेथे नोंद हतबल होते. म्हणून अस्सल अलंकार व मुखवटे बँकेत असावेत, उत्सवापुरते आणावेत, आणि नित्यासाठी साधे असावेत. दिवेआगरचा दुसरा धडा असा की, वयोवृद्ध सेवेकऱ्यास एकटे देवळात निजवणे म्हणजे राखण नव्हे. त्याच्या हाती काठी देण्यापेक्षा दहा घरे जागी करणारी घंटा वा भोंगा द्यावा, आणि चोराशी झुंजू नये असे त्यास स्पष्ट सांगावे.

मग गावाने राखण करावी तरी कशी? आपल्या नित्यक्रमातच तिची सोय आहे. शेजारतीनंतर दार लावण्यापूर्वी आणि काकडआरतीला दार उघडताच यादीप्रमाणे वस्तू मोजाव्यात आणि वहीत सही करावी. दोन मिनिटांचे हे काम. श्रीपुरंथानला चोरी कळण्यास दोन वर्षे लागली, कारण तेथे रोज दार उघडणारे कोणी नव्हते. आपल्याकडे ती पहाटेच कळेल, आणि मूर्ती जिल्ह्याबाहेर जाण्याच्या आत शोध सुरू होईल. आळीपाळीने प्रत्येक आळीने आठवड्यातील एक रात्र देवळाकडे फेरी घालण्याची वाटून घ्यावी. गावाबाहेर, शेतात असलेल्या जुन्या हेमाडपंती देवळांकडे, जेथे नित्य पूजा नाही, तेथे रोज नाही तरी आठवड्यातून एकदा कोणीतरी पाहून यावे. तेथील भग्न शिल्पांचीही चित्रे घ्यावीत. ज्याचे कोणी मोजत नाही, ते नेणे सर्वांत सोपे. मूर्तीविषयी खोदून खोदून विचारणारा, मापे घेणारा, आतील चित्रे काढू पाहणारा अनोळखी मनुष्य दिसल्यास त्याचा अपमान न करता त्याच्या गाडीचा क्रमांक लिहून पोलीस पाटलांस कळवावे.

आणि तरीही चोरी झालीच, तर? प्रथम गाभारा जसा आहे तसा सोडून बाहेर यावे. हळहळीने शेकडो माणसे आत जातात, रिकाम्या पीठास हात लावतात, आणि चोराचे ठसे पुसतात. शुद्धी व पूजा पोलिसांचा पंचनामा झाल्यावर करावी. ११२ या क्रमांकावर कळवून फिर्याद नोंदवावी व त्याच वेळी मूर्तीचे पान व चित्रे द्यावीत. मूर्ती परदेशी जाण्याचा संभव असल्यास ती माहिती केंद्रीय अन्वेषण विभागामार्फत इंटरपोलच्या चोरीच्या कलावस्तूंच्या यादीत जाते. त्या यादीत पूर्ण ओळख पटेल अशीच वस्तू घेतली जाते. म्हणजे ज्या देवाची नोंद नाही, तो जगाच्या लेखी हरवलेलाच नाही!

शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींच्या नोंदणीची तरतूद १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यात आहे, आणि हा कायदा १९७६ पासून अमलात आहे. नोंदणी केली की सरकार देव घेऊन जाईल, ही भीती आम्ही गावोगाव ऐकतो. तिला आधार नाही. पुरावशेष सक्तीने ताब्यात घेण्याचा जो अधिकार या कायद्याने शासनास दिला आहे, तो प्रामाणिक धार्मिक उपासनेत असलेल्या वस्तूंना लागू नाही, असे त्यातच स्पष्ट म्हटले आहे. नोंदणीने देव देवळातच राहतो. उलट नोंदणीचा दाखला हा त्याच्या जागेचा शासकीय पुरावा होतो.

आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा येथे, लखुजीराजे जाधवांच्या समाधीच्या जतनाचे काम चालू असता २०२४ साली जमिनीखालून शेषशायी विष्णूचे सुंदर शिल्प निघाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ते उकरतानाच चित्रे घेतली, मापे घेतली. १.७० मीटर लांब व १ मीटर उंच, शेषावर पहुडलेले भगवान, चरणाशी लक्ष्मी, आणि समुद्रमंथनाचे दृश्य. हे सारे वृत्तपत्रांतून जगापुढे आले. ते शिल्प आता चोरटेपणाने विकणे जवळजवळ अशक्य, कारण त्याचा चेहरा सर्वांस ठाऊक आहे. मेहकरला १८८८ साली जे राहून गेले, ते येथे पहिल्याच दिवशी झाले. शेतात नांगरताना वा विहीर खणताना आपल्यास काही सापडले, तर तेही असेच करावे: वस्तू न हलवता जागीच चित्र घ्यावे आणि तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे. जमिनीत सापडणाऱ्या ठेव्याची वर्दी देण्याचा कायदा १८७८ पासून आहे. माती झटकून वस्तू घरी नेली की ती कोठे, कशासोबत होती ही अर्धी ओळख तेथेच पुसली जाते.

उत्सवापूर्वी देऊळ धुतले जाते, समया घासल्या जातात, पालखीची दुरुस्ती होते. त्याच तयारीत एक सकाळ या कामासाठी राखून ठेवावी. अभिषेकाच्या वेळी पुजाऱ्याने चित्रे घ्यावीत, शाळेतील मास्तरांनी मापे लिहावीत, दोन विश्वस्तांनी सह्या कराव्यात. पुढील वर्षी याच तिथीस ते पान काढून मूर्तीशी ताडून पाहावे आणि नवा टवका, नवी झीज दिसल्यास तारखेसह खाली लिहावी. मेहकरच्या पेटीतील ताम्रपटांविषयी आज आपण फक्त 'सांगतात' एवढेच म्हणू शकतो. आपल्या गावच्या देवाविषयी आपल्या नातवंडांना 'हे पाहा' असे म्हणता यावे.